३३ अंशांवर काय आहे?

उमरखेडसारख्या तालुक्याच्या गावातही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नायट्रेट आणि सायट्रिक आम्लाचे जेल पेटवून कोबाल्ट फेराइट करता येते. एक्स-रे डिफ्रॅक्शनसाठी मात्र भुकटीची डबी मोठ्या शहरात पाठवावी लागते. आलेख परत आला की अहवालात ठरलेले वाक्य पडते: ‘पॅटर्न प्रमाण कार्डाशी जुळतो, नमुना शुद्ध आहे.’ या वाक्याचा पूर्वार्ध तपासण्याजोगा असतो, उत्तरार्ध बहुधा नुसता विश्वास.

तांब्याच्या नळीवर (तरंगलांबी १.५४०६ अँगस्ट्रॉम) सर्वांत उंच शिखर ३५.४५ अंशांवर आले असे धरू. ब्रॅगच्या नियमाने स्फटिकातल्या प्रतलांमधले अंतर २.५३० अँगस्ट्रॉम निघते. हे स्पिनेलचे ३११ प्रतल मानले, तर त्याला ११ च्या वर्गमुळाने गुणून घनाची बाजू ८.३९१ येते. आता त्या बाजूवरून उलट हिशोब करायचा: २२० चे शिखर ३०.१० वर आणि ४४० चे ६२.५७ वर यायला हवे. ती तिथे असली आणि उंचीची प्रमाणेही कार्डासारखी असली, तर स्पिनेल रचना ठरली. एका शिखरावरून फेज ओळखता येत नाही.

खरी अडचण यापुढे आहे. कमी तापवलेल्या किंवा प्रमाण चुकलेल्या नमुन्यात हेमॅटाइट उरते. त्याचे एक ठळक शिखर ३५.६ च्या आसपास, म्हणजे फेराइटच्या उंच शिखराच्या पोटातच लपते. त्याचे सर्वांत उंच शिखर ३३.१५ वर असते आणि स्पिनेलचे तिथे काहीच नसते. म्हणून आधी तिथे पाहावे. पण तांब्याच्या किरणांनी लोह आणि कोबाल्ट स्वतःच चमकू लागतात, आलेखाची पार्श्वभूमी वर उचलली जाते आणि थोडेसे हेमॅटाइट त्या गोंगाटात बुडते. कोबाल्टची नळी किंवा मोनोक्रोमेटर असेल, तरच ‘दिसले नाही’ या शब्दांना वजन येते. अस्फटिक अवशेष तर कुठल्याच नळीवर टोकदार शिखर देत नाही.

आणखी एक मर्यादा. मॅग्नेटाइटची बाजू ८.३९६ आहे, म्हणजे आपल्या आकड्याच्या अगदी शेजारी. होल्डरमध्ये भुकटी ०.१ मिलिमीटर वर राहिली, तर सर्वसाधारण यंत्रावर शिखर सुमारे ०.०५ अंशाने सरकते आणि बाजू ०.०१ अँगस्ट्रॉमहून अधिक बदलते. दोन फेजांमधला फरक त्यापेक्षा लहान आहे. नमुन्यात थोडे सिलिकॉन मिसळून त्याचे शिखर २८.४४ वर येते का, हे पाहिले तर ही सरक दुरुस्त करता येते. तरीही नमुन्यात कोबाल्ट आहे की नाही, हे सांगायला रासायनिक विश्लेषणच लागते.

लेखकांना विनंती: फेराइटच्या लेखासोबत गुळगुळीत न केलेली मूळ आकडेवारी पाठवा, नळी कोणती ते लिहा आणि हेमॅटाइटच्या सर्वांत उंच शिखराभोवतीचा, म्हणजे तांब्याच्या नळीवर ३२ ते ३४ अंशांचा, भाग मोठा करून छापायला द्या. त्याशिवाय ‘शुद्ध’ हा शब्द आम्ही छापणार नाही.