कप्पा कुकरला लावण्याआधी

गेल्या रमजानमध्ये शेजारच्या भाभींनी केरळी दुकानातून कसावा आणला. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो, तोच हा. केरळात याला कप्पा म्हणतात. भाभींनी तो रताळ्यासारखा सालीसकट, अख्खाच कुकरला लावला. इफ्तारला पहिला घास कडू लागला. आम्ही सगळ्यांचे हात थांबवले आणि ताट टाकून द्यायला लावले. भाभींना वाईट वाटले, पण कारण सांगितल्यावर पटले.

या कंदात लिनामारिन नावाचा पदार्थ असतो आणि त्याला फोडणारे विकरही असते. कंद कापला, ठेचला की दोन्ही एकत्र येतात आणि सायनाइडचा विषारी वायू तयार होतो. हा वायू उडून जातो, पाण्यातही विरघळतो. म्हणून तो आधी सुटू द्यायचा आणि मग बाहेर काढायचा, एवढेच काम आहे. अख्खा कंद थेट उकळला तर उष्णतेने विकर निकामी होते आणि लिनामारिन आतच राहते. बंद झाकणामुळे सुटलेला वायूही भांड्यातच कोंडतो.

आमच्या घरी एक किलो कप्पा असा करतो. साल दुहेरी असते. वरची तपकिरी पातळ, खालची जाड. विष सालीत जास्त, म्हणून सुरीने उभी चीर देऊन दोन्ही साली सोलून काढतो. आत निळ्या-काळ्या रेषा दिसल्या तर कंद खराब झाला समजावे. मग इंच-इंचाचे तुकडे करून, मधला दोरा काढून, भरपूर पाण्यात चार-पाच तास भिजवतो. ते पाणी ओततो. नव्या पाण्यात झाकण न ठेवता दहा मिनिटे उकळून तेही पाणी ओततो. पुन्हा ताजे पाणी घालून, सुरी सहज आरपार जाईपर्यंत, साधारण वीस-पंचवीस मिनिटे शिजवतो. मीठ शेवटी. मग ओले खोबरे, हिरवी मिरची, जिरे, हळद वाटून त्यात घोटतो. सोबत माशाचे तिखट कालवण.

ही पद्धत बाजारात मिळणाऱ्या गोड जातीसाठी आहे. कडू जातीत विष फार असते. तिला किसून, कित्येक दिवस आंबवून, वाळवावे लागते. ते घरच्या चुलीचे काम नव्हे. शिजूनही कडू लागला तर मसाला वाढवू नका, टाकून द्या. खाल्ल्यावर डोके दुखले, चक्कर आली, उलटी झाली तर लगेच दवाखाना गाठावा.

घाई किती महाग पडते, ते मोझांबिकने 1981 मध्ये पाहिले. दुष्काळात खायला दुसरे काही उरले नव्हते. कडू कसावा नीट वाळवण्याइतकीही उसंत मिळाली नाही. हजाराहून अधिक लोकांचे पाय कायमचे आखडले. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती.

त्यांच्यापुढे भूक होती. आपल्यापुढे फक्त मगरिबची अजान असते. तेव्हा इफ्तारला कप्पा करायचा असेल तर जोहरच्या आधीच भिजत घाला.