ओआरएस मागितलं आणि हातात आला सरबताचा खोका

आमच्या घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत पहिल्या पावसानंतर घरोघरी जुलाब सुरू होतात. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या सव्वा वर्षाच्या पोराला लागले. बाप मेडिकलमध्ये जाऊन म्हणाला, "ओआरएस द्या." मिळाला काय, तर सफरचंदाच्या चवीचा खोका! पोराने आवडीने दोन संपवले. संध्याकाळपर्यंत शी आणखी पाण्यासारखी.

यात नवल नाही. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरमागे साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, सोबत मोजून मीठ, पोटॅशियम आणि सायट्रेट. तेवढ्याच ग्लुकोजच्या जोडीने आतडं मीठ आणि पाणी आत ओढतं. गोड पेयांत साखर कित्येक पट. जास्तीची साखर आतड्यातच राहते आणि अंगातलं पाणी उलट बाहेर खेचते. म्हणजे औषध समजून आपण जुलाब वाढवतो!

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यावर वर्षानुवर्षं ओरडत होत्या. शेवटी ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली. इतकी वर्षं पोरांच्या जिवावर धंदा चालू दिला, त्याचा जाब कोण देणार? आणि नाव बदललं तरी काउंटरवरचा माणूस 'तेच घ्या' म्हणाला, तर काय उपयोग?

त्या पोराची गोष्ट पुढे. पालिकेच्या दवाखान्यातून पुडी आणली, तर आईने अर्धी पुडी पेलाभर पाण्यात कालवली. मीठ जास्त झालं तर तेही घातक. लिटरची पुडी असेल तर अख्खी पुडी, उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात. छोटी पुडी 200 मिलीसाठी असते, पुडीवर वाचा. वरून साखर नको. उरलेलं 24 तासांनी ओतून द्या.

मग चमच्याने पाजणं सुरू झालं. दोन वर्षांखालच्या मुलाला दर पातळ शीनंतर 50 ते 100 मिली, मोठ्याला 100 ते 200. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा आणखी सावकाश. अंगावरचं दूध, जेवण चालूच. सोबत डॉक्टरांनी दिलेल्या झिंकच्या गोळ्या चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. हे लोक हमखास सोडतात. ओआरएसने शी लगेच थांबत नाही, म्हणून 'गुण नाही' म्हणत पाजणं बंद करू नका. त्याचं काम अंगातलं पाणी भरून काढणं.

दुसऱ्या दिवशी पोर हसलं. पण मूल मलूल पडलं, हाक मारूनही नीट जागं होईना, पाणी पिईना किंवा प्यायलेलं सगळं उलटून टाकत असेल. डोळे खोल गेले. पोटाची चिमूट घेऊन सोडल्यावर कातडी सावकाश खाली बसत असेल. शीत रक्त दिसलं. सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर घरी थांबू नका. राजावाडी, कूपर, जवळ असेल ते गाठा, रात्री दोन वाजले असले तरी. वाटेत पीत असेल तर चमचा चालू ठेवा.

तुमच्या मेडिकलवाल्याकडे 'ओआरएस' मागून बघा आणि काय हातात येतं ते इथे कमेंटमध्ये लिहा, खोक्याच्या फोटोसकट.