दुकान बंद करा, पण पाटी उतरवू नका



आज थोडं मोठं लिहितोय, वेळ काढून वाचा. बचत गट चालवणाऱ्या ताईंनी आणि शेतकरी कंपनीच्या भाऊंनी तर नक्की वाचा.

आपल्या जिल्ह्यात ऑनलाइन दुकानाचं उद्घाटन करायची फार हौस. लाल मिरची पावडर, धडगावकडचा आमचूर, नवापूरची तूरडाळ, सगळं 'आता एका क्लिकवर'. फीत कापली, फोटो छापून आले, बातमी आम्हीच लावली. दोन वर्षांनी त्याच पत्त्यावर जाऊन बघायला मात्र कोणी नसतं. उद्घाटनाला शंभर माणसं आणि बंद करायला एकही नाही, माझा राग त्यावर आहे.

दुकान बंद करण्यात लाज कसली? हिशोब मांडा. समजा तयार ऑनलाइन दुकानाच्या प्लॅनला महिन्याला २,००० रुपये जातात आणि महिन्यात ऑर्डर येतात सहा. म्हणजे एका ऑर्डरवर ३३३ रुपये नुसतं भाडं. २५० रुपयांच्या मिरची पाकिटामागे ३३३ रुपये भाडं देणारा व्यापारी आपल्या मिरचीच्या पथारीवर एक दिवस टिकणार नाही. असं दुकान बंदच करायला पाहिजे. तोच माल ॲमेझॉनवर लावा, नाहीतर गटांसाठीचं ई-सरस आहे, आदिवासी मालासाठी ट्रायफेडचं ट्राइब्ज इंडिया आहे, तिथे विचारा. कमिशन जाईल, पण माल विकला गेला तरच जाईल.

चूक होते ती पुढे. 'बंद करायचं ना? मग सगळंच बंद' म्हणून दुकानासोबत डोमेनही सोडून देतात. डोमेन म्हणजे तुमचा इंटरनेटवरचा पत्ता, पाकिटावर छापलेलं ते नाव. दुकानाचा प्लॅन आणि डोमेन ही दोन वेगळी बिलं आहेत. प्लॅन हे गाळ्याचं भाडं, डोमेन ही पाटी. पाटीचा खर्च साधारण हजार रुपये, तोही वर्षाला. २४ हजार वाचवताना हे हजार वाचवणं म्हणजे गाळा सोडताना आपल्या नावाची पाटी रस्त्यावर टाकून येणं.

टाकलेली पाटी कोणीतरी उचलतोच. `.com` पत्त्याची मुदत संपली की काही आठवडे सवलत मिळते. मग कंपनीने नाव काढून टाकलं की ३० दिवस जादा दंड भरून ते परत घेता येतं. त्यानंतर पाच दिवसांनी नाव मोकळं होतं, कोणीही घ्यावं. असली सुटलेली नावं टिपून घेणारे लोक आहेत, आणि त्यावर जुगाराची पानं चढवणारेही आहेत. पाकिटावर पत्ता तुमचा, गटाचं नाव तुमचं, आणि पुण्याच्या गिऱ्हाइकाने मोबाईलवर उघडलं की समोर सट्टा. ते पाकीट परत कसं मागवणार?

उलटं उदाहरणही बघा. गुगल छोट्या दुकानांना फुकट वेबसाइट देत होतं, पत्त्याच्या शेवटी `business.site` असायचं. ५ मार्च २०२४ ला गुगलने त्या सगळ्या साइट बंद केल्या. १० जूनपर्यंत जुना पत्ता गिऱ्हाइकाला दुकानाच्या गुगल प्रोफाइलवर नेत होता, नंतर तेही थांबलं. ज्यांनी स्वतःचं डोमेन जोडलं होतं, त्यांनी ते दुसरीकडे वळवलं. ज्यांचा पत्ताच गुगलचा होता, त्यांचं कार्ड आणि बोर्डावरचं नाव रद्दी झालं. उद्या ॲमेझॉनने तुमची लिस्टिंग काढली तर तुमची गतही तीच. म्हणून माल कुठेही विका, नाव आपल्या हातात ठेवा.

आता बंद कसं करायचं. क्रम चुकला की नुकसान ठरलेलं.

आधी माल हलवा. दुकानातून उत्पादनांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये काढता येते. पण त्या फाइलमध्ये बहुतेक वेळा फोटो नसतात, फोटोच्या लिंक असतात, आणि फोटो पडलेले असतात जुन्या दुकानाच्या सर्व्हरवर. दुकान बंद केलं की फाइल हातात राहते आणि फोटो गायब. म्हणून फोटो वेगळे उतरवून घ्या. गिऱ्हाइकांची आणि ऑर्डरची यादीही वेगळी काढा. ॲमेझॉनवर गिऱ्हाइकाचा नंबर तुमचा होत नाही, जुनी यादी हीच तुमची कमाई.

मग डोमेन कुणाच्या नावावर आहे ते बघा. आपल्याकडे खरी गोम इथेच आहे. वेबसाइट बनवून देणारा पोरगा डोमेन स्वतःच्या ईमेलवर घेतो, गटाला वाटतं आपलंच आहे. पासवर्ड, मालकाचं नाव, ईमेल आणि मोबाईल गटाचा पाहिजे, अध्यक्षांच्या भाच्याचा नाही. डोमेन दुकानवाल्या कंपनीकडूनच घेतलं असेल तर बंद करण्याआधी दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्या. त्यासाठी लॉक काढावं लागतं आणि 'ऑथ कोड' मागावा लागतो. `.com` नवं घेतलेलं असेल तर पहिले ६० दिवस ते हलवता येत नाही, तोवर थांबा.

तिसरं, पत्ता वळवा. रजिस्ट्रारकडे 'फॉरवर्डिंग' असतं, तिथे नव्या लिस्टिंगची लिंक टाका. डोमेनवर ईमेल चालत असेल तर नेमसर्व्हर बदलण्याआधी ईमेलच्या एमएक्स नोंदी उतरवून घ्या, नव्या जागी तशाच भरा. नाहीतर ईमेल बंद पडेल आणि त्याच ईमेलवर येणारा ओटीपीही मिळणार नाही. वळवून झालं की घरच्या वायफायवर नको, दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडून बघा, पत्त्यापुढे `https://` लावून आणि न लावता, दोन्ही. कधी कधी साधा पत्ता चालतो आणि `https` वाला अडकतो, आणि गिऱ्हाईक बहुतेक वेळा तिथेच पोचतं.

हे सगळं झाल्यावरच प्लॅन बंद करा आणि बँकेतलं ऑटो-डेबिटही रद्द करा. डोमेनचं नूतनीकरण मात्र चालू राहू द्या, जमलं तर एकदम पाच वर्षांचं भरून टाका.

देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० साली आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत वाटलं गेलं. तेव्हापासून 'डिजिटल' म्हटलं की आपल्याकडे कॅमेरे येतात. कॅमेरे गेल्यावर काय उरतं, ते विचारायचं काम आपलं आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सरकारी पैशातून ज्या गटाला वेबसाइट करून दिली, त्या प्रत्येकाला तीन गोष्टी लेखी द्या: डोमेन कुणाच्या नावावर आहे, त्याची मुदत कधी संपते, आणि दुकान बंद पडलं तर पत्ता कोण वळवणार. हे देता येत नसेल तर फीत कापायला येऊ नका.

तुमच्या गावात असं पडलेलं दुकान असेल तर पाकिटावरचा पत्ता उघडून बघा. काय दिसतं ते खाली लिहा.