‘एक ओपनिंग आहे, इंटरेस्टेड?’

मंगळवारची दुपार. डबा जरा जडच झालाय, समोरची एक्सेल शीट डोळ्यांपुढे पोहतेय आणि मोबाइल ‘टिंग’ करतो. लिंक्डइनवर कुणी अनोळखी बाई लिहितायत, ‘हाय, तुमचं प्रोफाइल पाहिलं. आमच्या क्लायंटकडे एक एक्सायटिंग ओपनिंग आहे. इंटरेस्टेड असाल तर अपडेटेड सीव्ही, करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड सीटीसी आणि नोटीस पीरियड कळवा.’

आता गंमत अशी, की तुम्ही नोकरी शोधत नाही आहात. बॉस बरा आहे, टीम मस्त आहे, मागचं अप्रेझल ठीकठाक झालं. पण ‘बघायला काय जातंय?’ हा किडा डोक्यात शिरलेला असतोच. मग आपल्यातले अर्धे लोक ‘नंतर बघू’ म्हणून मेसेज तसाच ठेवतात आणि तो कायमचा तसाच राहतो. उरलेले अर्धे उत्साहाच्या भरात पाच मिनिटांत सीव्ही, पगार, सगळं पाठवून मोकळे होतात. बॉस, दोन्ही चूक!

पहिल्यांदा समोरच्या बाजूचं गणित समजून घ्या. मेसेज करणारे रिक्रूटर दोन प्रकारचे असतात. एक त्या कंपनीच्याच एचआरमधले, पगारी. दुसरे कन्सल्टन्सीवाले. तुम्ही जॉइन झालात, की कन्सल्टन्सीला कंपनीकडून फी मिळते. आपल्याकडे ती बऱ्याचदा तुमच्या वर्षाच्या सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याच्या पगाराएवढी असते. फी कंपनी देते, तुम्ही नाही. त्यामुळे ‘रजिस्ट्रेशन चार्जेस’ असा शब्द दिसला, की ब्लॉक करायचं आणि चहाला जायचं.

‘आमचा क्लायंट’ हे शब्द आले, की समजा कन्सल्टन्सी. आणि मग सीव्ही पाठवायची अजिबात घाई नको. कारण कन्सल्टन्सीने तुमचा सीव्ही क्लायंटच्या पोर्टलवर टाकला, की त्या कंपनीपुरते तुम्ही ‘त्यांचे कँडिडेट’ होता. ही मालकी साधारण सहा महिने ते वर्षभर चालते. उद्या तुमची कॉलेजची मैत्रीण त्याच कंपनीत रेफर करायला निघाली, तर सिस्टिम सांगणार, ‘प्रोफाइल ऑलरेडी एक्झिस्ट्स’. मैत्रिणीचा रेफरल बोनस गेला. दोन कन्सल्टन्सींनी तोच सीव्ही टाकला, तर फी कुणाची यावरून वाद, आणि या भानगडीत पडण्यापेक्षा काही कंपन्या तुमचं नावच बाजूला ठेवतात. त्याहून भारी म्हणजे नाव न सांगितलेला ‘क्लायंट’ तुमचीच कंपनी निघू शकते!

म्हणून कंपनीचं नाव कळल्याशिवाय आणि तुम्ही ‘हो’ म्हटल्याशिवाय सीव्ही जाणार नाही, हे पहिल्याच उत्तरात लिहा. चांगल्या रिक्रूटरला याचा राग येत नाही. त्यांना याची सवय असते.

उत्तर द्यायचं का? द्यायचंच. एक-दोन दिवसांत, चार ओळींत. लिंक्डइनवर ओळख नसलेल्यांना मेसेज करायला रिक्रूटरला मोजके ‘इनमेल’ क्रेडिट मिळतात. तुम्ही ९० दिवसांत काहीही उत्तर दिलंत, अगदी ‘नको’ म्हणालात, तरी त्यांचं क्रेडिट परत येतं. म्हणजे तुमचा नकारही त्यांच्या कामाचा असतो. मग उगाच अपराधी वाटून घ्यायचं कशाला?

उत्तरात लिहायचं काय? तुम्ही अर्थातच इंग्रजीत लिहाल, पण आशय हा असू दे:

‘मेसेजबद्दल थँक्स. मी सध्याच्या नोकरीत समाधानी आहे आणि सक्रियपणे शोधत नाही. पण काम आणि जबाबदारी खरंच पुढची असेल, तर ऐकायला आवडेल. कंपनीचं नाव, जेडी, ठिकाण, आणि या पदासाठी ठरलेला पगाराचा बँड, त्यातला फिक्स्ड किती, हे कळवाल का? माझा नोटीस पीरियड ९० दिवसांचा आहे. कंपनी कळल्यावर आणि मी होकार दिल्यावरच सीव्ही पुढे पाठवावा, ही विनंती.’

बघा, यात खोटं काही नाही. ‘समाधानी आहे’ हे खरं आहे आणि ‘ऐकायला आवडेल’ हेही खरं आहे. थोडासाच इंटरेस्ट असेल तर तो थोडासाच दाखवायचा. ‘मी अगदी उत्सुक आहे’ लिहून तीन राउंड द्यायचे आणि मग गायब व्हायचं, हा प्रकार त्या रिक्रूटरच्या पक्का लक्षात राहतो.

नोटीस पीरियड मात्र पहिल्याच मेसेजमध्ये, न विचारता. आयटीत आणि बऱ्याच मोठ्या कंपन्यांत तो ९० दिवसांचा असतो आणि समोरच्याला माणूस ३० दिवसांत हवा असतो. बरीच बोलणी इथेच संपतात. ती पाचव्या राउंडनंतर संपण्यापेक्षा पहिल्या मेसेजला संपलेली बरी. ‘बायआउट आहे’ असं ते म्हणाले, तर पैसे नवी कंपनी भरणार का, आणि तुमची कंपनी त्याला तयार होते का, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये लिहिलेली असते. संध्याकाळी घरी जाऊन ते काढून वाचा.

<b>पगाराचा आकडा आधी कुणी सांगायचा?</b>

शक्यतो त्यांनी. तुमचा सध्याचा पगार विचारायला आपल्याकडे कायद्याने बंदी नाही, त्यामुळे ते विचारणारच. पण आकडा आधी गेला, की सगळं बोलणं ‘करंटवर ३० टक्के हाइक’ या भाषेत सुरू होतं आणि त्या पदाची मूळ किंमत काय, हे बाजूलाच राहतं. तुमचा इंटरेस्ट माफक आहे, हीच इथे तुमची ताकद आहे. ‘बँड कळला तर पुढे बोलण्यात अर्थ आहे का, हे दोघांनाही लगेच समजेल’, एवढं एक वाक्य पुरतं. पुढे आकडा द्यावाच लागला तर खरा द्या. ऑफरच्या वेळी सॅलरी स्लिप मागतात, फेकाफेकी तिथे उघडी पडते.

आणि बँड आला, की हुरळून जाऊ नका. समजा, तुमचा सीटीसी १४ लाख आहे. त्यात १३ लाख फिक्स्ड आणि १ लाख व्हेरिएबल. रिक्रूटर म्हणतात, ‘१८पर्यंत जातील.’ व्वा, चार लाखांची उडी! आता विचारा, १८मधलं व्हेरिएबल किती? उत्तर येतं, २० टक्के. म्हणजे ३ लाख ६० हजार व्हेरिएबल आणि १४ लाख ४० हजार फिक्स्ड. हमखास वाढ झाली १ लाख ४० हजारांची, म्हणजे जेमतेम ११ टक्के. त्या फिक्स्डमध्येच कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटी धरली असेल, आणि तुमच्या १३ लाखांत ती धरलेली नसेल, तर फरक आणखी आक्रसतो. शिवाय ‘पर्यंत’ हा शब्द विसरू नका. १८ हे त्या बँडचं छत आहे, तुमची ऑफर नाही.

त्यावर तुमचं आजचं ऑफिस बाणेरला घराजवळ असेल आणि नवं खराडीला, आठवड्यातून तीन दिवस हजेरी सक्तीची असेल, तर हिशोब स्वतःच करा. पुणेकरांना खराडीच्या ट्रॅफिकबद्दल मी काय सांगणार!

म्हणजे जायचं नाही? तसं नाही. त्याच १४ लाख ४० हजारांत पहिल्यांदा चार जणांची टीम हाताखाली मिळणार असेल, आणि सध्याच्या ठिकाणी त्या खुर्चीवर अजून दोन वर्षं कुणी तरी बसून राहणार असेल, तर ११ टक्के बरे वाटू शकतात. म्हणूनच जेडी मागायचा. ‘एक्सायटिंग’ हा काही जेडी नव्हे. रिपोर्टिंग कुणाला, टीम किती, हे पद नवीन आहे की कुणी सोडून गेलंय, हे पंधरा मिनिटांच्या कॉलवर विचारा. सोडून गेलं असेल, तर किती महिन्यांत, हेही. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर तेही एक उत्तरच.

कॉल घ्यायचा तो ऑफिसबाहेर, स्वतःच्या फोनवरून. ऑफिसचा मेल, लॅपटॉप, वायफाय यांतलं काहीच या कामासाठी नको. आणि मेसेज आल्याच्या खुशीत लिंक्डइनवर ‘ओपन टू वर्क’ लावणार असाल, तर जरा थांबा. ‘फक्त रिक्रूटर्सना दिसेल’ हा पर्याय निवडला, तरी तुमच्या कंपनीच्या रिक्रूटर्सपासून ते लपवण्याचा प्रयत्न लिंक्डइन करतं, हमी देत नाही. नोकरी डॉट कॉमवर मात्र आपल्या कंपनीला ब्लॉक करायची सोय आहे, ती वापरा.

दोनदा विचारूनही कंपनीचं नाव, निदान फोनवर तरी, सांगत नाहीत? पहिल्याच मेसेजला पॅन आणि आधारची कॉपी मागतात? तुम्ही मार्केटिंगमध्ये आणि जेडी जावा डेव्हलपरचा? समजून जा, प्रोफाइल वाचलेलंच नाही. तुम्हालाही जास्त विचार करायची गरज नाही.

आता समजा, सगळं ऐकून घेतलंत आणि मन काही होत नाही. मग नकारही नीट द्या. ‘सध्या नको’ एवढ्यावर थांबू नका, कारण त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही. असं लिहा: ‘हे पद माझ्या आत्ताच्या कामासारखंच आहे, म्हणून थांबते. पण पुण्यात, टीम लीडची जबाबदारी आणि १६ लाखांच्या वर फिक्स्ड असं काही आलं, तर जरूर कळवा.’ रिक्रूटर कँडिडेटच्या नावापुढे नोंदी ठेवतात. तुमच्या नावापुढे ‘नॉट इंटरेस्टेड’ऐवजी या तीन अटी लिहिल्या गेल्या, तर पुढचा मेसेज बराच कामाचा येतो.

आणि या अटी लिहायला बसलात, की आणखी एक गोष्ट होते. आपल्याला नक्की काय हवंय, हे स्वतःलाच एका वाक्यात सांगावं लागतं. नाहीच सुचलं, तर मेसेज बंद करा आणि एक्सेल शीटकडे वळा. बॉस केव्हाचा मागे येऊन उभा आहे!