आधी मोडीचे शिक्षक, मग संस्थेचे सचिव

पीएच.डी.च्या प्रबंधात ऋणनिर्देश सर्वात शेवटी लिहिला जातो आणि बांधणीत जवळजवळ सर्वात आधी लागतो. प्रत छपाईला जाण्याच्या आदल्या रात्री, एखादा जुना प्रबंध समोर ठेवून तो उतरवला जातो. म्हणूनच बहुतेक ऋणनिर्देश एकाच साच्यातले असतात: आधी कुलदैवत, मग संस्थेचे अध्यक्ष, सचिव आणि प्राचार्य, तिसऱ्या परिच्छेदात मार्गदर्शक, आणि अखेरीस 'ज्ञात-अज्ञात' सर्व.

अठराव्या शतकातील बलुतेदारांच्या वतनी तंट्यांवरचा एक प्रबंध उदाहरणादाखल घेऊ. त्याची मुख्य सामग्री पुणे पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तरातली, म्हणजे मोडी लिपीतली. कच्च्या मसुद्यात संस्थाचालकांवर आठ ओळी आहेत. संशोधकाला मोडी वाचायला शिकवणारे निवृत्त शिक्षक मात्र शेवटच्या मित्रयादीत, नुसत्या आडनावाने येतात. प्रबंध ज्यांच्यावाचून झालाच नसता, त्यांना टंकलेखकाच्याही नंतर जागा मिळाली आहे.

फेरमांडणीची कसोटी साधी आहे: ही व्यक्ती नसती तर प्रबंधातले नेमके काय राहून गेले असते? या कसोटीवर मार्गदर्शक पहिले येतात. लगेच त्यांच्यानंतर मोडीचे शिक्षक, मग ज्यांनी रुमाल काढून दिले ते अभिलेखागारातले कर्मचारी आणि ग्रंथपाल. शिष्यवृत्ती मिळाली असेल तर तिचा उल्लेख यानंतर, पण स्वतंत्र वाक्यात: कोणाची, कोणत्या काळात. हे उपकार मानणे नव्हे, ती माहिती आहे, आणि निधी देणाऱ्या संस्थेने ठरावीक शब्द घालून दिले असतील तर तेच वापरावेत. महाविद्यालयाचे आभार अभ्यासरजेसाठी मानायचे, तेव्हा रजा हा शब्द यायला हवा. सचिवांनी रजा मंजूर केली असेल तर ते इथे येतात. केवळ पदावर आहेत म्हणून येण्याचे कारण नाही. (नोकरी त्याच संस्थेत असेल तर हे सांगणे सोपे आणि करणे अवघड. तिथे एक ओळ ठेवावी, आठ नव्हेत.) मित्र आणि टंकलेखन करणारे त्यानंतर, घरची माणसे शेवटी. शेवटची जागा दुय्यम नसते. व्यावसायिक ऋण संपून खासगी ऋण सुरू झाले, एवढेच ती सांगते.

सूर आवरायचा तर विशेषणे काढून क्रियापदे घालावी लागतात. मसुद्यातले वाक्य असे: 'परमपूज्य, ज्ञानमहर्षी, वंदनीय गुरुवर्य यांच्या अमृतमय मार्गदर्शनाविना हे शिवधनुष्य पेलणे अशक्यप्राय होते.' यात मार्गदर्शकांनी केले काय, ते कळत नाही. बदललेले वाक्य: 'मार्गदर्शकांनी प्रत्येक प्रकरणाचे दोन खर्डे वाचले आणि तंट्यांची वर्गवारी जातीऐवजी हक्काच्या प्रकारानुसार करावी, असे सुचवले, तिसरे प्रकरण त्या सूचनेतून उभे राहिले.' हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या प्रबंधात चिकटवता येणार नाही. आधीचे कुठेही चालते. 'आभार मानण्यापेक्षा ऋणात राहणेच पसंत करतो' हेही तसेच चालणारे. ते लिहिणारा आभारही मानत नाही आणि ऋण कशाचे तेही सांगत नाही. पदव्यांच्या बाबतीत सर्वांना एकच नियम लावावा: 'डॉ.' किंवा 'प्रा.' पुरे, 'मा.' आणि 'आदरणीय' नको.

गावोगावी वतनदारांच्या वंशजांनी घरातले कागद दाखवले असतील, तर नावे छापण्याआधी त्यांना विचारावे. मंजूर प्रबंध आता शोधगंगा या भांडारात कोणालाही वाचता येतो, आणि जमिनीचे जुने तंटे काही घरांत अजून मिटलेले नसतात. नाव नको असेल तर 'पुरंदर तालुक्यातील तीन कुटुंबे' असे लिहिता येते. याच कारणाने घरातले आजारपण, कर्ज, परीक्षकांबद्दलची नाराजी या पानावर येऊ नये. उरलेल्या चुकांची जबाबदारी संशोधकाची, हे वाक्य मार्गदर्शकांच्या परिच्छेदानंतर येते. त्यामुळे आभार म्हणजे संमती, असा अर्थ निघत नाही.

अर्पणपत्रिका वेगळी. तिला शीर्षक लागत नाही, कारण द्यावे लागत नाही, आणि ती दोन-तीन ओळींपलीकडे जाऊ नये. मसुद्यात ती आई-वडील, आजी, पत्नी, मुले आणि समस्त बलुतेदार समाजाला मिळून होती, वर स्वरचित चारोळी. नव्या रूपात उरते ते एवढेच: 'आजीस, जिने घरातला कागदांचा पेटारा विकू दिला नाही.' आजीचा उल्लेख ऋणनिर्देशात पुन्हा करायची गरज नाही. पत्नी आणि मुले तिथल्या शेवटच्या परिच्छेदात जातात. अर्पणपत्रिका सहसा प्रमाणपत्र आणि प्रतिज्ञापत्रानंतर, ऋणनिर्देशाच्या आधी लागते, पण हा क्रम विद्यापीठागणिक बदलतो. बांधणीला देण्यापूर्वी आपल्या विद्यापीठाचे नियम पाहावेत आणि प्रत्येक नावाचे शुद्धलेखन त्या त्या व्यक्तीकडून तपासून घ्यावे.