विश्लेषण : वर्षअखेरीची सूट ४० हजारांची, पण डीलरच्या हातात नक्की किती?

सिमेंट कंपनीकडून वर्षअखेरीस येणारी क्रेडिट नोट हा वाशिंद, शहापूर, मुरबाडच्या बांधकाम साहित्य विक्रेत्यांचा खरा नफा असतो. गोणीमागे रोजच्या विक्रीत फारसे सुटत नाही. वर्षभर ठरलेला माल उचलला की मिळणारी सूट वर्षाचे गणित जुळवते. मात्र नोटेवर ४० हजारांचा आकडा असला, तरी डीलरचा फायदा कधी पूर्ण ४० हजार असतो, तर कधी साडेबत्तीस हजारांच्या आसपास. हा फरक कागदावरच्या जीएसटीच्या रकान्यात दडलेला असतो.

ही सूट ठरते कशी?

समजा, वाशिंद स्टेशनजवळच्या एका दुकानदाराला कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये योजनेचे पत्र दिले : मार्च २०२६ पर्यंत चार हजार गोणी उचलल्या, तर प्रत्येक गोणीमागे १० रुपये सूट. दुकानदाराने बरोबर चार हजार गोणी उचलल्या. म्हणजे सूट झाली ४० हजार रुपये. (दुकानदार आणि आकडे उदाहरणापुरते आहेत.)

हिशेब सोपा राहावा म्हणून गोणीचा करापूर्वीचा दर वर्षभर २५० रुपये धरू. सिमेंटवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. दोन हजार गोणी त्याआधी आणि दोन हजार नंतर आल्या असे मानू. दोन्ही वेळची खरेदी प्रत्येकी पाच लाखांची. पहिल्या खरेदीवर १ लाख ४० हजार, तर दुसऱ्या खरेदीवर ९० हजार जीएसटी. म्हणजे वर्षाची खरेदी १० लाख आणि त्यावर भरलेला, वजावटीस पात्र असलेला कर २ लाख ३० हजार. या वजावटीलाच इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात. ग्राहकाकडून गोळा केलेल्या करातून ही रक्कम वजा करून उरलेला कर दुकानदार सरकारला भरतो.

एकाच आकड्याचे दोन अर्थ कसे?

मे महिन्यात कंपनीची ४० हजारांची क्रेडिट नोट आली. ती दोन प्रकारची असू शकते.

पहिला प्रकार व्यावसायिक क्रेडिट नोट. तिच्यावर जीएसटीचा रकानाच नसतो. कंपनी दुकानदाराच्या खात्यातून ४० हजार कमी करते, पण स्वतःचा भरलेला कर कमी करून घेत नाही. मूळ बिलांवरचा कर जसाच्या तसा सरकारकडे राहतो, म्हणून दुकानदाराची २ लाख ३० हजारांची वजावटही तशीच राहते. फायदा पूर्ण ४० हजार.

दुसरा प्रकार जीएसटी कायद्याच्या कलम ३४ खालची क्रेडिट नोट. इथे कंपनी मालाची किंमत मागाहून कमी करते आणि त्या प्रमाणात आपला करही कमी करून घेते. कंपनीने कर परत घेतला, तर तेवढीच वजावट दुकानदाराला सोडावी लागते. नाहीतर सरकारकडे न राहिलेल्या कराची सवलत तो घेत राहील.

आता प्रश्न येतो : पत्रातले १० रुपये कर वगळून की कर धरून? कर वगळून असतील, तर नोट अशी बनेल : जुन्या गोणींचे २० हजार आणि त्यावर २८ टक्क्यांनी ५,६००, नव्या गोणींचे २० हजार आणि त्यावर १८ टक्क्यांनी ३,६००. एकूण नोट ४९,२०० रुपयांची. दुकानदाराने ९,२०० रुपयांची वजावट सोडली, की त्याच्याकडे ४० हजार उरतात. दोन्ही प्रकारांत फायदा सारखाच.

पण नोटेची एकूण रक्कमच ४० हजार असेल आणि कर तिच्या आत धरलेला असेल, तर चित्र बदलते. जुन्या गोणींच्या २० हजारांत सूट १५,६२५ आणि कर ४,३७५ रुपये. नव्या गोणींच्या २० हजारांत सूट साधारण १६,९४९ आणि कर ३,०५१. म्हणजे खरी सूट ३२,५७४ रुपये. उरलेले ७,४२६ रुपये वजावटीतून सोडायचे. गोणीमागे १० रुपये सांगितले होते, हातात आले सव्वाआठ रुपयांहून थोडे कमी.

जुन्या गोणींवर २८ टक्के का?

क्रेडिट नोट नवी विक्री नसते, ती जुन्या बिलाची दुरुस्ती असते. ज्या बिलावर २८ टक्के लावले, त्याची किंमत कमी करताना करही २८ टक्क्यांनीच कमी व्हायला हवा. म्हणून २०२५-२६ च्या सुटीची नोट दोन भागांत यायला हवी. सगळी रक्कम १८ टक्क्यांत बसवलेली दिसली, तर दुकानदाराने मनाने हिशेब सुधारू नये; कंपनीकडून नोट दुरुस्त करून घ्यावी. नोटेवर जो कर आहे आणि खात्यात जी वजावट सोडली, ते आकडे एकच असले पाहिजेत.

खरेदी कमी होते म्हणजे काय?

अनेक ठिकाणी ही सूट ‘इतर उत्पन्न’ म्हणून टाकली जाते. मात्र लेखा मानक २ नुसार मालाची खरेदी किंमत ठरवताना व्यापारी सूट वजा करायची असते. आपल्या उदाहरणात पूर्ण सूट मिळाली, तर वर्षाची खरेदी १० लाखांवरून ९ लाख ६० हजारांवर येते आणि गोणी २५० ऐवजी २४० रुपयांना पडते.

याचा परिणाम शिल्लक मालावरही होतो. ३१ मार्चला गोदामात २०० गोणी असतील, तर त्यांची किंमत ५० हजार नव्हे, ४८ हजार धरायची. म्हणजे ४० हजारांच्या सुटीपैकी ३८ हजारच या वर्षाच्या नफ्यात येतात. उरलेले दोन हजार त्या गोणी विकल्यावर. नोट मे महिन्यात आली, तरी मार्चमध्येच लक्ष्य पूर्ण झाल्याने सुटीची नोंद ३१ मार्चच्या हिशेबात येते. वजावट मात्र जीएसटीची नोट विवरणपत्रात येईल त्या महिन्यात कमी होते.

कोणती नोट आली, हे कसे ओळखायचे?

सर्वांत सोपी खूण पोर्टलवर आहे. जीएसटीची क्रेडिट नोट कंपनी आपल्या GSTR-1 मध्ये दाखवते, त्यामुळे ती दुकानदाराला IMS मध्ये आणि पुढे GSTR-2B मध्ये दिसते. व्यावसायिक नोट तिथे येत नाही. ती ईमेलवर किंवा कंपनीच्या खातेउताऱ्यातच सापडते.

IMS मध्ये नोट स्वीकारता किंवा नाकारता येते. ऑक्टोबर २०२५ च्या करकाळापासून क्रेडिट नोट एका करकाळापुरती प्रलंबितही ठेवता येते. काहीच केले नाही, तर ती स्वीकारली असे धरले जाते आणि GSTR-3B मध्ये वजावट आपोआप कमी होऊन येते.

चुका कुठे होतात?

पहिली चूक : व्यावसायिक नोट आली, तरी ‘सूट मिळाली म्हणजे कर परत करायचा’ या समजुतीने वजावट सोडली जाते. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने १२ सप्टेंबर २०२५ च्या परिपत्रक क्रमांक २५१ मध्ये स्पष्ट केले आहे की, अशा नोटेसाठी वजावट परत करण्याची गरज नाही. ४० हजारांत १८ टक्के कर आहे असे मानून तो सोडला, तर ६,१०२ रुपये विनाकारण जातात.

दुसरी चूक उलट : ४९,२०० रुपयांची जीएसटीची नोट आली, दुकानदाराने पूर्ण रक्कम सूट म्हणून नोंदवली आणि वजावट तशीच वापरली. पुढे तपासणीत ९,२०० रुपये आणि त्यावर वार्षिक १८ टक्क्यांनी व्याज भरावे लागू शकते.

तिसरी चूक पोर्टलमुळे होते. नोट स्वीकारल्यावर वजावट आपोआप कमी होते. ती लक्षात न घेता हिशेबनीस GSTR-3B मध्ये तीच रक्कम पुन्हा हाताने सोडतो. एकाच नोटेसाठी दोनदा वजावट गेली की नाही, हे टॅलीतले कराचे खाते आणि GSTR-2B शेजारी ठेवले की लगेच दिसते.

कंपनी हवी ती नोट देऊ शकते का?

व्यावसायिक नोट केव्हाही देता येते. जीएसटीच्या नोटेला मात्र अटी आहेत. कलम १५(३) नुसार सूट विक्रीपूर्वीच्या किंवा विक्रीवेळच्या करारात ठरलेली, संबंधित बिलांशी जोडलेली असावी आणि खरेदीदाराने वजावट सोडलेली असावी. २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या अ‍ॅडव्हान्स रुलिंग प्राधिकरणासमोर अल्ट्राटेक सिमेंटचा असाच प्रश्न आला होता : डीलरांना विक्रीनंतर ‘रेट डिफरन्स’ म्हणून दिलेली रक्कम करपात्र मूल्यातून वजा होईल का? प्राधिकरणाचे उत्तर ‘नाही’ असे होते.

जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२५ मधील ५६ व्या बैठकीत आधीच्या कराराची आणि बिलांशी जोडण्याची अट काढण्याची शिफारस केली. पण २०२५-२६ मधील मालाची विक्री जुनी अट लागू असतानाच झाली, त्यामुळे या वर्षाच्या नोटेसाठी एप्रिलमधले पत्र जपून ठेवणेच हिताचे. शिवाय या वर्षाच्या बिलांवरील जीएसटीची नोट विवरणपत्रात दाखवण्याची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर २०२६ आहे. कंपनीने वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले, तर मुदत तिथेच संपते.

मग डीलरने काय मागायला हवे?

योजना सांगताना कंपनीचा प्रतिनिधी गोणीमागचा आकडा मोठ्याने सांगतो; कर आत की बाहेर, हे मात्र नोट हातात पडल्यावर कळते. चूक इथेच आहे. वाशिंदच्या दुकानदाराने मार्चमध्ये लक्ष्य गाठायला उधारीवर माल उचलला, तो १० रुपयांच्या हिशेबाने. म्हणून योजनेच्या पत्रातच दोन ओळी लिहून देणे कंपनीवर बंधनकारक हवे : नोट व्यावसायिक की जीएसटीची, आणि दर कर वगळून की कर धरून. तसा नियम होईपर्यंत डीलरांनी या दोन ओळी आल्याशिवाय नव्या वर्षाच्या योजनेवर सही करू नये.