हातावर उठलेली रेघ : आधी चिकटपट्टी, मग पाणी

आषाढ लागला की रायगडच्या किनाऱ्यावरील दवाखान्यांत एक तक्रार ठरलेली असते. रुग्ण बाही वर करतो आणि मनगटापासून कोपरापर्यंत उठलेली लाल, पुरळ आलेली रेघ दाखवतो. खाज इतकी की बोलता बोलता त्याचा दुसरा हात तिकडे जातो. घरात कोणी तरी "नागीण" असे निदान करून टाकलेले असते. त्यावर गेरू लावून झालेला असतो, औषधाच्या दुकानातून एखादी ट्यूबही आणलेली असते. या रुग्णांपैकी पुष्कळांना सुरवंटाची किंवा एखाद्या खाजऱ्या वनस्पतीची कुसे लागलेली असतात. पहिल्या दहा मिनिटांत योग्य ते केले असते तर त्यांना दवाखान्यात यावेच लागले नसते, असे माझे मत आहे.

आधी हे होते कसे ते पाहू. सुरवंट (आपल्याकडे कोणी घुला म्हणतात, कोणी कुसरूड) चावत नाही. त्याच्या अंगावरचे बारीक ताठ केस, म्हणजे कुसे, कातडीत रुततात आणि तुटून तिथेच राहतात. अनेक जातींच्या कुसांत दाह करणारे द्रव्य असते, शिवाय कूस हे स्वतःच एक बारीक काचेरीसारखे सलत राहते. सुरवंट मेला तरी कूस निकामी होत नाही. त्याने टाकलेली कात आणि कोष यांच्यावरही ही कुसे असतात, आणि वाऱ्याने ती दोरीवरच्या कपड्यांवर जाऊन बसतात. हात फांदीवरून घासत गेला की कुसे ओळीने रुततात, म्हणून पुरळ रेघेत उठते. पुढे आपण खाजवतो तेव्हा बोटे हीच कुसे ओढत नेतात आणि रेघ लांबते. रोग "पसरला" असे वाटते तो बहुतेक वेळा आपल्याच नखांनी पसरवलेला असतो.

म्हणून पहिला नियम : चोळू नका, खाजवू नका, टॉवेलने किंवा पदराने पुसू नका. सुरवंट अंगावर असेल तर काडीने उचलून टाका, हाताने झटकू नका आणि चिरडू तर मुळीच नका. आपली सवय लगेच पाण्याखाली हात धरून चोळण्याची असते. तेवढे थोडे थांबवा. कातडी कोरडी असतानाच रुंद चिकटपट्टी, म्हणजे खोकी बंद करतात ती, रेघेवर हलकेच दाबा आणि सरळ वर उचला. जखमेला लावायची पट्टीही चालते. उचललेला तुकडा टाकून द्या, नवा घ्या. असे पाच-सहा वेळा, रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटे जास्त जागा घेऊन करा. उचललेला तुकडा उजेडात धरला तर त्यावर बारीक केस दिसतात. ते दिसेनासे झाले की काम झाले. पट्टी नसेल तर मळलेल्या कणकेचा चिकट गोळा टेकवून उचलावा, पण फिरवू नये.

यानंतर साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुवा आणि तसाच वाळू द्या. अंगावरचे कपडे उतरवून वेगळे ठेवा व गरम पाण्यात वेगळे धुवा. मग फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे ठेवा, वाटल्यास कॅलामाइन लावा. इतके केल्यावर पुष्कळांचा त्रास दोन-चार दिवसांत ओसरतो. चुना, घासलेट, बिब्बा यांतले काहीही लावू नये. बिब्ब्याने तर मूळ पुरळापेक्षा मोठा भाजल्यासारखा चट्टा उठतो. शेणाचा लेप वाळून निघताना काही कुसे घेऊन जातही असेल, पण खाजवून सोललेल्या कातडीवर शेण म्हणजे धनुर्वाताला निमंत्रण.

गेल्या भाद्रपदात नागावच्या बाजूची एक चाळिशीतली बाई आली. तीन आठवडे दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला आणि पाठीवर ब्लाउजच्या कडेला पुरळ उठत होते. मध्ये दोन दिवस बरे वाटे, की पुन्हा उठे. दोन ट्यूब संपल्या होत्या. नवऱ्याच्या खांद्यांवरही थोडे पुरळ होते, पण तोंडावर व तळपायांवर कोणाच्याच काही नव्हते. कपड्याखालीच पुरळ, आणि घरात दोघांना, हे पाहिल्यावर औषधापेक्षा कपड्यांची चौकशी करावी असे मला वाटले. कपडे कुठे वाळत घालता, असे विचारले. मागील दारी, पोफळीपासून शेवग्यापर्यंत दोरी बांधलेली होती.

शेवग्यावर पावसाळ्यात केसाळ सुरवंटांचे थवे येतात. रात्री ते वर चढून पाला खातात आणि दिवसा खोडावर एकमेकांना चिकटून बसतात. लांबून पाहिले तर खोडाला तपकिरी शेवाळ आल्यासारखे वाटते. बाईंनी घरी जाऊन पाहिले, तर दोरीच्या गाठीच्या वीतभर वरच हा थवा होता. दोरी तिथून काढली, घरातले रोजचे सगळे कपडे व चादरी गरम पाण्यातून काढल्या. हातांवर मी दवाखान्यातच चिकटपट्टी फिरवली, पाच दिवस दिवसातून एकदा लावायचे मध्यम ताकदीचे स्टिरॉइड मलम आणि रात्री सेटिरिझिनची एक गोळी दिली. आठव्या दिवशी पुरळ गेले होते, आणि पुन्हा उठले नाही. तीच गोळी आणि तेच मलम दोरी न हलवता दिले असते, तर चौथ्या आठवड्यातही त्या माझ्यासमोर बसलेल्या असत्या.

असा थवा दिसला की मशाल लावून जाळण्याची जुनी पद्धत आहे. डॉक्टर म्हणून मला ती पसंत नाही, कारण धगीबरोबर कुसे उडतात आणि डोळ्यांत व श्वासात जातात. त्यापेक्षा पूर्ण बाह्या आणि नाका-तोंडावर फडके घेऊन, सकाळी वारा पडलेला असताना थव्यावर साबणाचे पाणी फवारावे. मग लांब काठीने ते साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडावेत. कोरड्या झाडूने झाडू नये.

नारळ व आंब्यावर एक हिरवी काटेरी अळी सापडते. तिचा स्पर्श झाला की विंचवाने डंख केल्यासारखी तत्काळ आग होते, पण ती बहुधा काही तासांत उतरते. उपचार तोच.

खाजकुइलीची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. तिच्या शेंगा थंडीत वाळतात, आणि लाकडे किंवा गवत आणायला गेलेल्यांच्या अंगावर त्यांची सोनेरी लव पडते. गांधीतली खाज हिस्टामीन या द्रव्यामुळे येते आणि ॲलर्जीची गोळी त्यालाच अडवते. खाजकुइलीच्या लवेत म्युक्युनेन नावाचे विकर असते, आणि ते हिस्टामीनची वाट न धरता थेट दुसऱ्या मार्गाने मज्जातंतूंना चेतवते. म्हणून इथे ॲलर्जीच्या गोळीचा गुण फारसा येत नाही. माणसे मात्र एकामागून एक तीन गोळ्या घेतात, खाज तशीच राहते आणि स्कूटरवर डुलकी येते. हे विकर उष्णतेने निकामी होते, म्हणून कपड्यांना गरम पाणी. कातडीसाठी चिकटपट्टीच खरे औषध.

आता "नागीण" या शब्दाविषयी. हातावरची प्रत्येक रेघ म्हणजे नागीण, या समजुतीने दोन्हीकडून नुकसान होते. खरी नागीण शरीराच्या एकाच बाजूला उठते. पुरळ येण्याआधी दोन-तीन दिवस तिथे ठणका किंवा जळजळ असते, आणि मग पाणी भरलेल्या फोडांचे घोस येतात. तिच्यावर विषाणूविरोधी गोळ्या आहेत, पण त्या फोड उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर खरा उपयोग. गेरू आणि मंत्र यांत ते तास जातात, आणि वयस्क माणसाला पुढे महिनोन्‌महिने वेदना सोसाव्या लागतात. तिसरा प्रकार रात्री दिव्यावर येणाऱ्या एका लहान, काळ्या-नारिंगी किड्याचा. तो अंगावर चिरडला गेला की त्या वेळी काहीच जाणवत नाही. साधारण एक दिवसाने भाजल्यासारखी रेघ उठते, आणि तिच्यात खाजेपेक्षा आग जास्त असते. थोडक्यात, लगेच खाज सुटली तर कुसे, दुसऱ्या दिवशी आग झाली तर किडा, आधी ठणका मग फोड आले तर नागीण.

औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या, तीन-चार औषधे एकत्र कोंबलेल्या ट्यूबबद्दल माझे मत कडक आहे. त्यातल्या तीव्र स्टिरॉइडने खाज झटकन थांबते, म्हणून ती घराघरांत ठेवलेली असते. मग तीच गजकर्णावर लागते, तीच मुलाच्या गालावर. गजकर्ण त्याने दबते आणि दुप्पट पसरते, गालाची कातडी पातळ होते. कुसांसाठी मोठ्या माणसाने घरी लावायचेच असेल तर नुसते एक टक्का हायड्रोकॉर्टिझोन, दिवसातून दोनदा, चार-पाच दिवस पुरे. रात्री सेटिरिझिनची दहा मिलिग्रॅमची एक गोळी घ्यावी. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी विचारल्याशिवाय तेही घेऊ नये.

काही प्रसंगी मात्र घरी थांबू नये. कूस डोळ्यात गेले तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा, कारण रुतलेले कूस बुबुळात आत सरकू शकते. दोन दिवसांनी पू, वाढती लाली किंवा ताप आला तर जंतुसंसर्ग झाला असे समजून डॉक्टरांकडे जावे. आणि सर्वांगावर गांधी, ओठ-जीभ सुजणे, दम लागणे, उलट्या किंवा चक्कर यांपैकी काही दिसले तर गोळीची वाट पाहत बसू नका. रुग्णाला आडवे ठेवा, दम लागत असेल तर टेकून बसवा, आणि 108 ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. अशा वेळी मांडीत दिलेले ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन जीव वाचवते, आणि ते जितके लवकर मिळेल तितके बरे.

पावसाळ्याच्या तोंडावर आपण घरात मेणबत्त्या आणि काड्यापेट्या आणून ठेवतो. त्यात यंदा रुंद चिकटपट्टीची एक गुंडाळी ठेवावी, आणि शेवग्याला बांधलेली दोरी आजच सोडून दुसरीकडे बांधावी.